दुकानात कॉम्प्युटर एक, बसणारे तिघे : टॅली टाकताना आणि नवी आवृत्ती घेण्याआधी

इलेक्ट्रिक सामानाचं एक दुकान आहे. काउंटरच्या मागे एकच कॉम्प्युटर. सकाळी मालक त्यावर बिलं करतात, मंगळवारी आणि शुक्रवारी हिशेब लिहिणारे काका येऊन खरेदीच्या नोंदी आणि बँक जुळवणी करतात, आणि संध्याकाळी मालकांचा मुलगा कॉलेजचं काम आणि गेम दोन्ही त्याच यंत्रावर करतो. बहुतेक दुकानांत चित्र असंच असतं. टॅलीची नवी आवृत्ती टाकायची म्हणून मालकांनी मला बोलावलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "बॅकअप घेतलाय मी पेनड्राइव्हवर. आता डायरेक्ट अपडेट मारू का?"

मी म्हटलं, आधी तो बॅकअप उघडून बघू. बघितला, आणि तो अर्धवट निघाला. तो अर्धवट का राहिला हे सांगण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल.

टॅली म्हणून आपण ज्याला ओळखतो त्यात दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक प्रोग्राम, म्हणजे लिहिण्याचं यंत्र. तो साधारणपणे `C:\Program Files\TallyPrime` या फोल्डरमध्ये बसतो. बिघडला, पुसला गेला, तरी पुन्हा उतरवून घेता येतो. दुसरी वस्तू तुमचा डेटा, म्हणजे तुमच्या वह्या. तो मूळ मांडणीत `C:\Users\Public\TallyPrime\data` इथे असतो आणि त्यात प्रत्येक कंपनीसाठी नुसत्या आकड्यांचं नाव असलेला एक फोल्डर असतो. हा फोल्डर जगात दुसरीकडे कुठेच नाही. तो गेला की तुमची उधारी, स्टॉक, जीएसटी सगळं गेलं. डेस्कटॉपवरचं टॅलीचं चित्र कॉपी करून "बॅकअप घेतला" म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. ते चित्र म्हणजे दुकानाकडे बोट दाखवणारी पाटी असते, दुकान नव्हे.

तुमचा डेटा नक्की कुठे आहे हे अंदाजाने ठरवू नका. टॅली प्राइममध्ये Alt आणि F3 दाबून कंपनी निवडायच्या पडद्यावर जा. तिथे डेटाचा पत्ता लिहिलेला दिसतो. तो कागदावर उतरवा आणि काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. आधी कुणी टॅली टाकून दिलं असेल तर पत्ता वेगळाही असू शकतो.

आता सामायिक कॉम्प्युटरचा मुद्दा. विंडोज प्रत्येक माणसाला स्वतःची खोली देतं. मालकांच्या खात्यातला डेस्कटॉप आणि Documents फोल्डर मुलाच्या खात्यातून दिसत नाही. म्हणून टॅलीचा डेटा कुणा एकाच्या डेस्कटॉपवर किंवा Documents मध्ये कधीच ठेवू नये. हिशेबाचे काका त्यांच्या खात्यातून टॅली उघडतील आणि कंपनीच दिसणार नाही. मग ते बिचारे नवी कंपनी तयार करतात, आणि मार्चअखेर एकाच दुकानाच्या दोन वह्या निघतात. त्यात भर म्हणजे हल्ली अनेक यंत्रांवर डेस्कटॉप आणि Documents हे फोल्डर वनड्राइव्ह परस्पर इंटरनेटवर चढवत असतं. टॅली चालू असताना तिच्या फाइलींना दुसऱ्या कुणी हात लावणं धोक्याचं. चालू डेटा अशा फोल्डरबाहेरच हवा.

नव्याने टाकताना मी हे असं करतो. यंत्रावर तीन खाती काढायची. एक मालकांचं, अॅडमिनिस्ट्रेटरचं, पासवर्ड लावलेलं. बाकी दोन, काकांचं आणि मुलाचं, साधी म्हणजे स्टँडर्ड. स्टँडर्ड खात्यातून टॅली व्यवस्थित चालतं, पण नवा प्रोग्राम टाकताना सहसा मालकांचा पासवर्ड लागतो, म्हणून गेमबरोबर येणारं नको ते सामान आत शिरणं अवघड होतं. टॅलीची फाइल कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवायची आणि मालकांच्या खात्यातून चालवायची. इन्स्टॉल करण्याच्या पडद्यावर लगेच पुढे जायची घाई करू नका. तिथे मांडणी बदलायची सोय असते आणि प्रोग्राम कुठे, डेटा कुठे हे पत्ते वेगवेगळे देता येतात. डिस्कचं D हे दुसरं विभाजन असेल तर डेटासाठी मी `D:\TallyData` देतो. विंडोज बिघडून C पुन्हा कोरं करावं लागलं तरी D वरचं सहसा वाचतं. मात्र C आणि D बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन तुकडे असतात. डिस्कच मेली तर दोन्ही जातात, म्हणून D वर ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे.

लायसन्सबद्दल एवढंच, की सिल्व्हर एका यंत्रासाठी असतं आणि गोल्ड दुकानातल्या जाळ्यावरच्या अनेक यंत्रांसाठी. एका यंत्रावर तिघांनी आळीपाळीने बसायला सिल्व्हर पुरतं.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण तो मला जवळजवळ प्रत्येक दुकानात भेटतो. "टॅलीला पासवर्ड आहे की, मुलगा काय करणार?" टॅलीचा पासवर्ड दाराच्या आतल्या कपाटाला लावलेलं कुलूप आहे. त्याने आतल्या नोंदी कुणी बघायच्या, कुणी बदलायच्या हे ठरतं. पण ते कपाटच उचलून बाहेर फेकायला पासवर्ड लागत नाही. फाइल एक्सप्लोररमधून कुणीही तो आकड्यांचा फोल्डर निवडून डिलीट करू शकतो, आणि "डिस्क भरली म्हणून जरा साफसफाई केली" अशा भल्या हेतूने ते घडतंही. याला उपाय विंडोजकडेच आहे. डेटाच्या फोल्डरवर राइट क्लिक, Properties, Security, Edit, मग Add करून मुलाच्या खात्याचं नाव, आणि Full control समोर Deny ची खूण. मग मुलाच्या खात्यात जाऊन फोल्डर खरंच उघडत नाही ना ते बघायचं. ही खूण चुकून मालकांच्या किंवा काकांच्या नावावर, किंवा Users सारख्या सगळ्यांच्या गटावर टाकू नका, नाहीतर तुम्हीच बाहेर अडकाल.

टॅलीत टॅलीव्हॉल्ट नावाचं आणखी जड कुलूप आहे. ते डेटाच कुलूपबंद करतं. त्याचा पासवर्ड विसरलात तर तो परत मिळवण्याचा मार्ग नाही. लावणार असाल तर पासवर्ड कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा, आणि लक्षात घ्या की बॅकअपही त्याच पासवर्डने उघडणार.

आता त्या अर्धवट बॅकअपकडे येऊ.

मालकांनी रीत बरोबर वापरली होती. टॅली बंद केलं, डेटाचा फोल्डर कॉपी करून पेनड्राइव्हवर चिकटवला. मध्येच विंडोजने सांगितलं की काही फाइली वापरात आहेत, आणि त्यांनी Skip दाबलं. कॉपी पूर्ण झाल्यासारखी दिसली. पण फाइली वापरात कशा, टॅली तर बंद होतं? मालकांच्या खात्यात बंद होतं. आदल्या दिवशी शुक्रवार होता. काका टॅली उघडं ठेवून, साइन आउट न करता, नुसतं खातं बदलून गेले होते. विंडोजमध्ये खातं बदललं की आधीच्या माणसाचे प्रोग्राम मागे चालूच राहतात. म्हणजे काकांच्या खात्यातलं टॅली मागे जागं होतं आणि काही फाइली त्याने धरून ठेवल्या होत्या.

हे ओळखायला दोन खुणा आहेत. कॉपी करण्याआधी Ctrl, Shift आणि Esc एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या Users पानावर कोणाकोणाचं खातं चालू आहे ते दिसतं, आणि मालकांच्या अॅडमिन खात्यातून पाहिलं तर Details पानावर `tally.exe` कुठल्या नावाखाली चालू आहे तेही. तिथूनच ते बंद करू नका, कारण अर्धी लिहिलेली नोंद तशीच तुटू शकते. त्या खात्यात जाऊन टॅली नेहमीसारखं बंद करा आणि साइन आउट करा. सगळ्यात सोपं म्हणजे बॅकअपच्या आधी कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा आणि थेट मालकांच्या खात्यात शिरायचं, पण तेही सगळ्यांचं टॅली बंद आहे हे बघूनच. दुसरी खूण कॉपीनंतरची. मूळ फोल्डर आणि पेनड्राइव्हवरचा फोल्डर, दोन्हींच्या Properties उघडून फाइलींची संख्या ताडून बघा. इथे मूळ फोल्डरमध्ये १,१३८ फाइली होत्या आणि पेनड्राइव्हवर १,१३५. तीन फाइलींचा फरक. ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्या तिघींपैकी एकीत व्हाउचरच्या नोंदी असतील तर उरलेल्या १,१३५ कवडीमोल.

मग आम्ही सगळं पुन्हा केलं. दोन प्रकारे केलं, आणि मी नेहमी दोन्ही करतो.

पहिला प्रकार टॅलीच्या आतून. Alt आणि Y दाबलं की Data चा मेन्यू येतो, त्यात Backup. कुठे ठेवायचा तो पत्ता द्यायचा, कंपनी निवडायची. इथे एक सवय लावून घ्या, दर वेळी तारखेचा नवा फोल्डर करायचा. जुन्या टॅली ईआरपी ९ मध्ये बॅकअपच्या फाइलीचं नाव दर वेळी `TBK900.001` हेच असायचं. एकाच फोल्डरमध्ये घेत राहिलं तर आजचा बॅकअप कालच्यावर बसायचा, आणि आजचा बिघडलेला असेल तर कालचा चांगलाही गेला. वेगळ्या फोल्डरची सवय असली की कुठल्याही आवृत्तीत हा प्रश्नच येत नाही.

दुसरा प्रकार अख्खा डेटा फोल्डर जसाच्या तसा उचलण्याचा. ज्यांना कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडायची भीती वाटत नाही त्यांच्यासाठी एक ओळ देतो. पेनड्राइव्ह E असेल तर:

```
robocopy "C:\Users\Public\TallyPrime\data" "E:\Tally-2026-01-24" /E /R:1 /W:1
```

डेटाचा पत्ता Alt आणि F3 च्या पडद्यावर दिसला तोच घाला. या आज्ञेचा फायदा असा, की शेवटी ती एक तक्ता दाखवते. त्यातल्या FAILED या रकान्यात सगळीकडे शून्य हवं. शून्य नसेल तर कुठली फाइल राहिली तेही वर लिहिलेलं असतं. इंटरनेटवर हीच आज्ञा `/MIR` लावून सापडते. ती वापरू नका. मूळ जागी नसलेली प्रत्येक गोष्ट ती पेनड्राइव्हवरच्या त्या फोल्डरमधून पुसून टाकते.

याच फोल्डरमध्ये आणखी एक गोष्ट घ्या, जी जवळजवळ सगळे विसरतात. तुमच्या बिलाचा नमुना कुणाकडून खास करून घेतला असेल, वर लोगो, खाली अटी, मध्ये वॉरंटीचा रकाना, तर तो टॅलीच्या मूळ प्रोग्रामचा भाग नसतो. तो वेगळ्या फाइलीत असतो, नावाच्या शेवटी सहसा `.tcp` असलेल्या. F1 च्या Help मेन्यूतल्या TDLs & Add-Ons मध्ये ती कुठे आहे ते दिसतं. नव्या आवृत्तीत असा जुना नमुना कधीकधी चालत नाही आणि ज्याने करून दिला त्याच्याकडून सुधारून घ्यावा लागतो. हे आदल्या दिवशी विचारून ठेवा, नाहीतर गिऱ्हाईक समोर उभं आणि बिल साध्या नमुन्यात, अशी वेळ येते.

बॅकअप घेतला, फाइलींची संख्या जुळली. आता तो उघडतो का?

ही पायरी मी कधीच सोडत नाही. जुनी आवृत्ती अजून यंत्रावर आहे तोवरच ती करता येते. पेनड्राइव्हवरची प्रत थेट उघडू नका, ती हात न लावता राहू द्या. आधी `D:\Tapasni` असा कोरा फोल्डर करा आणि बॅकअप तिथे उतरवा. टॅलीच्या आतून घेतलेला असेल तर Alt आणि Y, मग Restore. इथे सगळ्यात मोठा खड्डा आहे. बॅकअप कुठे उतरवायचा या जागी टॅली चालू डेटाचाच पत्ता सुचवू शकतं. तो तसाच ठेवून पुढे गेलात तर तपासणीच्या नादात चालू वहीवर जुनी वही चढते. पत्ता बदलून `D:\Tapasni` केला आहे ना, हे दोनदा वाचा, मगच पुढे जा.

मग Alt आणि F3 च्या पडद्यावरून हा नवा पत्ता देऊन कंपनी उघडा. उघडल्याबरोबर पहिलं काम तिचं नाव बदलायचं. Alt आणि K, मग Alter, आणि नावापुढे "तपासणी" असा शब्द जोडायचा. कारण आता एकाच नावाच्या दोन कंपन्या यंत्रावर आहेत. मंगळवारी काका येऊन चुकीच्या कंपनीत दिवसभर खरेदी लिहीत बसले तर तो घोळ निस्तरायला आठवडा जातो.

तपासायचं काय? सगळं वाचत बसायची गरज नाही. चालू कंपनीतून चार आकडे आधीच कागदावर लिहून ठेवायचे आणि तेच चार तपासणीच्या कंपनीत बघायचे. त्या दुकानात आम्ही लिहिले ते असे: ट्रायल बॅलन्सची एकूण बेरीज १,८४,३६,५१२ रुपये ४० पैसे, शेवटचं विक्री बिल क्रमांक २,३१७, स्टॉक समरीतली अखेरची किंमत ३१,०७,८८५ रुपये, आणि सगळ्यात मोठ्या उधारीच्या गिऱ्हाइकाची बाकी. ट्रायल बॅलन्स बघताना तारखेची मर्यादा दोन्हीकडे सारखीच ठेवा, नाहीतर आकडे विनाकारण वेगळे दिसतात आणि जीव घाबरा होतो. चारही जुळले. पैशापर्यंत. आता तो बॅकअप म्हणायला हरकत नव्हती.

एवढा आटापिटा का, हेही सांगतो. नवी आवृत्ती फक्त प्रोग्राम बदलत असती तर एवढी काळजी लागली नसती. पण काही वेळा तिला डेटाची मांडणीही बदलावी लागते. त्या दुकानात टॅली प्राइमची २.१ आवृत्ती होती. २०२३ मध्ये ३.० आली तेव्हापासून जीएसटीच्या नोंदी ठेवायची पद्धत बदलली, त्यामुळे २.१ मधली कंपनी नव्या आवृत्तीत पहिल्यांदा उघडताना ती Migrate करावी लागते. म्हणजे जुनी वही नव्या छापाच्या वहीत उतरवून काढली जाते. एकदा उतरवली की तीच वही जुन्या आवृत्तीत उघडत नाही. मागे फिरायचं तर एकच वाट उरते, जुनी आवृत्ती आणि Migrate होण्याआधीचा बॅकअप. म्हणूनच पेनड्राइव्हवरची प्रत नव्या टॅलीतून उघडून बघायची नसते. तीही Migrate झाली तर परतीचा रस्ता बंद. आणि मग जुन्या आवृत्तीची इन्स्टॉल करायची फाइलही त्याच पेनड्राइव्हवर ठेवा.

तुमची आवृत्ती कुठली ते F1, मग About इथे दिसतं. तिथेच टीएसएस म्हणजे टॅलीची वार्षिक सेवा कुठल्या तारखेपर्यंत आहे तेही कळतं. ती संपली असेल तर नवी आवृत्ती टाकण्याआधी नूतनीकरण करून घ्या.

दिवसही विचारपूर्वक निवडा. दर महिन्याला विवरण भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला आणि ३बी ची २० तारखेला असते. त्याआधीच्या दोनचार दिवसांत वहीला हात लावू नये. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली एखादी सुट्टीची संध्याकाळ बरी. आम्ही शनिवारी रात्री दुकान बंद झाल्यावर बसलो.

नवी आवृत्ती मी जुन्याच्या जागी टाकत नाही. इन्स्टॉलच्या पडद्यावर प्रोग्रामसाठी नवा फोल्डर देतो, म्हणजे काही दिवस दोन्ही शेजारी राहतात. आणि मग चालू कंपनी उघडायच्या आधी ती "तपासणी" कंपनी नव्या टॅलीत उघडतो. तिलाच आधी Migrate होऊ देतो. काही बिघडायचं असेल तर या प्रतीवर बिघडू दे. त्या दुकानात इथेच एक गोष्ट सापडली. Migrate नंतर टॅलीने काही बिलं वेगळी काढून दाखवली, ज्यांत जीएसटीची माहिती अपुरी होती. बहुतेक ठिकाणी मालाचा एचएसएन क्रमांक लिहायचा राहिला होता. ही नव्या आवृत्तीची चूक नव्हती. जुन्यात ती झाकलेली होती, नव्यात दिसली. काकांनी यादी उतरवून घेतली आणि चालू कंपनीत दुरुस्त करायला मंगळवारचा दिवस राखला.

तपासणीच्या कंपनीत चार आकडे पुन्हा पाहिले. जुळले. एक बिल छापून पाहिलं, खास नमुना नीट आला. मग चालू कंपनी उघडली, Migrate केली, आणि तेच चार आकडे तिसऱ्यांदा पाहिले. न जुळल्यास Data मेन्यूतल्या Repair कडे वळावं लागतं, पण तेही बॅकअप हातात असतानाच आणि आधी तपासणीच्या प्रतीवर. सगळं मिळून पावणेदोन तास लागले. त्यातला निम्मा वेळ पहिल्या बॅकअपच्या घोटाळ्यात गेला.

शेवटी काकांच्या खात्यात जाऊन नवं टॅली उघडलं. ही तपासणी मालकांच्या खात्यातून होत नाही. डेस्कटॉपवरचं चित्र कदाचित जुन्या प्रोग्रामकडे नेत असेल, प्रिंटर वेगळा लागलेला असेल. काकांच्या डेस्कटॉपवर खरंच जुनं चित्र होतं. ते काढून नवं ठेवलं. जुनं राहिलं असतं तर मंगळवारी सकाळी जुन्या टॅलीने नवा डेटा उघडायला नकार दिला असता आणि काकांना वाटलं असतं सगळा हिशेब गेला.

पेनड्राइव्ह मालकांनी काढून शर्टाच्या खिशात ठेवला. मी सांगितलं, तो घरी न्या, दुकानात ठेवू नका, आणि यंत्राला लावून तर मुळीच नको. डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर लावलेला पेनड्राइव्हही तो सोडत नाही. तपासणीची कंपनी आणि जुना प्रोग्राम जीएसटीचं एक विवरण नव्या टॅलीतून सुरळीत भरून होईपर्यंत राहू द्यायचं, मग काढायचं. पेनड्राइव्हवरची प्रत मात्र काढायची नाही. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि पेनड्राइव्ह नुसता पडून राहिला तरी काही वर्षांनी दगा देतो. म्हणून दर एप्रिलमध्ये जुन्या प्रती नव्या पेनड्राइव्हवर उतरवायच्या आणि त्यातली एक, कुठलीही, कोऱ्या फोल्डरमध्ये उघडून चार आकडे बघायचे. ते चार आकडे लिहिलेला कागद मालकांनी घडी घालून त्या पेनड्राइव्हच्याच डबीत ठेवला आहे.